लॅब डेटा रिव्ह्यूअरच्या पदासाठी कव्हर नोट: कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

जाहिरात औषध कंपनीची आहे, पद ‘लॅब डेटा रिव्ह्यूअर, क्यूए’, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात. मी २००६ ते २०१३ क्यूसीत होते, म्हणजे तयार गोळ्यांची बॅच बाजारात जाण्याआधी ती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. त्यानंतर मुलांसाठी घरी थांबले. आता अर्ज करायचा आहे आणि त्यासोबत एक पानाची कव्हर नोट हवी आहे.

आज नोट लिहायला घेतली नाही. जाहिरातच फोडून पाहिली. विशेषणं काढून टाकल्यावर त्यात कामं चारच उरतात: मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीचा कच्चा डेटा आणि ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद, तपासणं, ओओएसच्या, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन, ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या निकालाच्या तपासात मदत करणं, एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती, वाचून सुधारणा सुचवणं, आणि विश्लेषकांना प्रशिक्षण देणं. शेवटी एक ओळ आहे, ‘अलीकडचा अनुभव असल्यास प्राधान्य’. प्राधान्य म्हणजे अट नव्हे, पण ही ओळ मी नजरेआड करणार नाही. नोट वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार.

५ ऑगस्ट

जुनी अनुभवपत्रं काढली. त्यांवर पद आहे ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्यूसी’. एवढ्यावरून कोणालाच कळणार नाही की शेवटची तीन वर्षं मी स्वतः एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात नमुन्यांची इंजेक्शनं कमी मारत होते आणि दुसऱ्यांचं काम जास्त तपासत होते. आमच्याकडे त्याला ‘सेकंड चेक’ म्हणायचे. विश्लेषकाने चाचणी पूर्ण केली की सगळा संच माझ्या टेबलावर यायचा: वजनकाट्याच्या छापील चिठ्ठ्या, बफरच्या पीएचची नोंद, कॉलमचा क्रमांक, इंजेक्शनांच्या क्रमाची यादी म्हणजे सिक्वेन्स, निकालाचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम आणि आकडेमोड. माझी सही झाल्याशिवाय तो निकाल क्यूएकडे जात नसे.

म्हणजे जाहिरातीतलं पहिलं काम मी केलेलं आहे, फक्त वेगळ्या नावाखाली. पदांची नावं शेजारीशेजारी ठेवली तर माझा अर्ज ‘क्यूसीवाली क्यूएत येऊ पाहतेय’ असा दिसतो. कामं शेजारीशेजारी ठेवली की जुळणी दिसते. म्हणून नोट कामांवरून लिहायची आणि पदनाम फक्त ओळखीपुरतं ठेवायचं.

सेकंड चेकमध्ये मी नक्की काय बघायचे, हे आठवून लिहून काढलं. ‘डेटा रिव्ह्यूचा अनुभव’ असं तर कोणीही लिहितं. सगळ्यात आधी सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्र आणि पद्धत नीट चालताहेत ना ते. स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची, लागोपाठ पाच इंजेक्शनं, त्यांच्या पीक एरियामधला, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्यांच्या क्षेत्रफळामधला फरक आमच्या पद्धतीप्रमाणे दोन टक्क्यांच्या आत, आणि टेलिंग, म्हणजे पीकची मागे ओढली गेलेली शेपटी, मर्यादेत. ते बरोबर असेल तरच पुढे जायचं. मग सिक्वेन्समधल्या वेळा. एका इंजेक्शनचा रन टाइम पंधरा मिनिटांचा असेल आणि दोन नोंदींमध्ये चाळीस मिनिटांचं अंतर असेल, तर मधल्या वेळात काय झालं हे विचारायलाच हवं. मशीन थांबलं असेल किंवा यंत्रातून वाहणारं द्रावण, म्हणजे मोबाइल फेज, संपलं असेल. पण एखादं इंजेक्शन मारून ते नोंदीतून वगळलेलंही असू शकतं. त्यानंतर इंटिग्रेशन, म्हणजे पीकचं क्षेत्रफळ मोजणं: स्टँडर्ड आणि सॅम्पल दोन्ही एकाच प्रोसेसिंग मेथडने काढले आहेत का, की सॅम्पलच्या पीकची बेसलाइन हाताने ओढली आहे? हाताने ओढणं हा गुन्हा नाही, पण त्याचं कारण लेखी हवं, आणि ते निकाल पाहून सुचलेलं नसावं.

हे लिहिताना हात थांबला नाही. ही नजर अजून शाबूत आहे आणि नोटमध्ये ती दिसायला हवी.

७ ऑगस्ट

आज ओओएसचा मुद्दा. जाहिरातीत ‘तपासात मदत’ असं म्हटलंय. मी अशा बऱ्याच तपासांत होते. पण नोटमध्ये सगळ्यांची मोजदाद करण्यापेक्षा एकच तपास नीट सांगितलेला बरा. निवडलेला प्रसंग खाली लिहितेय, आकडे मुद्दाम बदललेले आहेत.

गोळीतल्या औषधाचं प्रमाण, म्हणजे ‘अ‍ॅसे’ या चाचणीचा निकाल, ९५.० ते १०५.० टक्के असायला हवं. एकाच सॅम्पलच्या दोन तयाऱ्या केल्या होत्या. एकीचा निकाल ९३.६ आला, दुसरीचा ९९.८. कोणीतरी सुचवलं की सरासरी काढू या, ती ९६.७ येते, मर्यादेत बसते. हिशोब बरोबर होता, पण मार्ग चुकीचा होता. दोन तयाऱ्यांत सहा टक्क्यांचा फरक पडतो, याचाच अर्थ कुठेतरी काहीतरी घडलंय, आणि सरासरी नेमकं तेच झाकते. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीजच्या खटल्याच्या निकालाने या सवयीवर बोट ठेवलं आणि एफडीए या अमेरिकन औषध नियामक संस्थेच्या २००६ च्या ओओएस मार्गदर्शिकेत ते स्पष्ट शब्दांत आलं. आमच्याकडे ती मार्गदर्शिका प्रशिक्षणात होती, त्यामुळे माझ्या नकाराला आधार होता.

दोन्ही फ्लास्क अजून टेबलावरच होते. (ही साधी गोष्ट वाटते, पण द्रावण ओतून टाकलेलं असतं तर तपास तिथेच लंगडा झाला असता.) आधी कमी निकाल आलेलंच द्रावण पुन्हा इंजेक्ट केलं. निकाल ९३.५, म्हणजे इंजेक्टरचा किंवा व्हायलचा दोष नव्हता. मग त्याच फ्लास्कमधलं सगळं द्रावण आणखी वेळ सॉनिकेट केलं, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळलं, हलवलं, गाळलं आणि पुन्हा इंजेक्ट केलं. निकाल ९९.६. औषध गोळीच्या भुकटीतून पूर्ण सुटलंच नव्हतं. एसओपीत ‘सॉनिकेट करून विरघळवा’ एवढंच लिहिलेलं होतं. किती वेळ, मध्ये हलवायचं की नाही, याचा उल्लेख नव्हता. एका विश्लेषकाने पाच मिनिटं ठेवलं, दुसऱ्याने वीस, आणि दोघांनीही एसओपी पाळली होती.

तपासातलं द्रावण पुन्हा इंजेक्ट करून आलेले आकडे अंतिम निकाल म्हणून धरता येत नाहीत, ते फक्त कारण शोधण्यासाठी असतात. कारण सिद्ध झाल्यावर मूळ निकाल कारणासह रद्द झाला, क्यूएच्या मंजुरीने नव्याने चाचणी झाली आणि तोच निकाल धरला गेला. एसओपीतला बदल मी लिहिला: वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवून, पाण्याचं तापमान मर्यादेत ठेवून. त्यानंतर सगळ्या विश्लेषकांना तो करूनही दाखवला.

या एका प्रसंगात जाहिरातीतली दुसरी, तिसरी आणि चौथी अशी तीन कामं येतात. म्हणून हाच घ्यायचा.

८ ऑगस्ट

गोपनीयता. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, खरे आकडे, ग्राहक कंपनी, यातलं काहीही नोटमध्ये जाणार नाही. जुन्या नोकरीतले कागद माझ्याकडे नाहीत आणि असायलाही नकोत. डेटाची राखण करण्याच्या पदासाठी अर्ज करताना जुन्या कंपनीचा डेटा उघड करणारी व्यक्ती कोणीही नाकारेल, आणि ते योग्यच आहे. कामाचं स्वरूप सांगितलं की पुरतं.

११ ऑगस्ट

आता अवघड भाग. बारा वर्षांत काय बदललं?

एफडीएचं डेटा इंटिग्रिटीवरचं प्रश्नोत्तर-मार्गदर्शन (डिसेंबर २०१८) आणि ब्रिटनच्या एमएचआरए या औषध नियामक संस्थेचं त्याच वर्षीच्या मार्चमधलं मार्गदर्शन, दोन्ही संकेतस्थळांवर मोफत आहेत. मागच्या आठवड्यापासून ती शांतपणे वाचतेय, आज टिपणं पूर्ण झाली. तत्त्व म्हणून नवीन काही नाही. नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. या पाच गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेलं अल्कोआ हे सूत्र आम्हीही शिकवायचो. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकन नियम, भाग ११, हाही १९९७ चा आहे.

बदल रोजच्या कामात झालाय. आमच्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू असायचा, पण तो उघडून पाहायचा तो शंका आली तर किंवा ऑडिट जवळ आलं तर. माझ्या टेबलावर छापील क्रोमॅटोग्राम यायचा आणि मी त्यावर सही करायचे. आता कागद हा मूळ डेटा धरला जात नाही. मूळ डेटा सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि रिव्ह्यूअरने तो तिथेच बघायचा असतो. निकालावर परिणाम करणाऱ्या बदलांचा ऑडिट ट्रेल त्या नोंदीसोबतच, अंतिम मंजुरीआधी तपासला जावा अशी अपेक्षा आहे. छापील पानावर शेवटचं इंटिग्रेशन दिसतं. त्याआधी कितीदा, कोणी आणि काय कारण देऊन प्रोसेस केलं, हे पानावर कधीच दिसत नव्हतं.

दुसरा बदल: माझं काम एकेका संगणकापुरत्या बसवलेल्या सॉफ्टवेअरवर झालंय. जाहिरातीत सर्व्हरवर चालणारं, सगळी यंत्रं जोडलेलं सॉफ्टवेअर आहे. ते मी वापरलेलं नाही. नोटमध्ये हे सरळ लिहायचं, कारण मुलाखतीत पाच मिनिटांत कळणारच आहे आणि या पदावर माणूस सरळ असणं हाच निकष आहे.

एफडीएची वॉर्निंग लेटर्स सार्वजनिक असतात. त्यांतली प्रयोगशाळेतल्या डेटाबद्दलची काही वाचायला घेतली आहेत. प्रत्येक पत्रात प्रश्न एकच: मी तिथे रिव्ह्यूअर असते तर हे मला कुठे दिसलं असतं? अधिकृत सिक्वेन्सच्या आधी ‘ट्रायल’ नावाने मारलेली इंजेक्शनं, सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, घड्याळ मागे नेलेला संगणक. यातलं बरंचसं छापील पानावर दिसलंच नसतं, ते फक्त ऑडिट ट्रेलमध्ये सापडलं असतं. माझ्यातली आणि या कामातली दरी नेमकी किती, ते यातून कळलं. ती आहे, पण तिला काठ आहेत.

१३ ऑगस्ट

खंडाबद्दलचं वाक्य. बरेच नमुने चाळले. त्यांत मुलं वाढवण्यातून ‘वेळेचं नियोजन’, ‘एकाच वेळी अनेक कामं’, ‘संयम’ ही कौशल्यं मिळाली असं लिहिलेलं असतं. मला ते इथे नको आहे. मुलांना वाढवणं हे मी मनापासून केलेलं मोठं काम आहे, पण इंटिग्रेशन तपासता येतं याचा तो पुरावा नव्हे. दोन्ही एकत्र लिहिलं की दोन्ही उणी वाटतात.

वाचणाऱ्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात: खंड कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, आणि ते कारण आता संपलंय का. एक वाक्य पुरेसं आहे. क्षमा मागायची नाही आणि सविस्तर खुलासाही करायचा नाही. जागा मधली. सुरुवातीला ठेवलं तर बाकीची नोट त्याच चष्म्यातून वाचली जाते, आणि शेवटी ठेवलं तर लपवल्यासारखं दिसतं.

१४ ऑगस्ट

कच्चा मसुदा आमच्या जुन्या क्यूसी प्रमुख मॅडमना पाठवला होता, संध्याकाळी त्यांचा फोन आला. निवृत्त झाल्या तरी वाचताना पेन हातात असतंच.

“अगं, सरासरीवाला प्रसंग छान आहे, पण तू लिहिलंयस ‘आम्ही कारण शोधलं’. तुझं त्यात काय होतं ते लिही. निवड करणारी मी असते तर तेच विचारलं असतं.”

“पण मॅडम, तपास तर सगळ्यांचा होता.”

“होता ना. सरासरीला नाही कोणी म्हटलं? फ्लास्क पुन्हा सॉनिकेट करायचं कोणी सुचवलं? एसओपी कोणी लिहिली? आणि मंजुरी कोणी दिली, तेही लिही. ती तू दिली नव्हतीस.”

त्यांचं बरोबर आहे. तपासाची योजना क्यूएने मंजूर केली आणि पुनर्चाचणी दुसऱ्या विश्लेषकाने केली. माझ्या वाट्याचं तेवढंच माझ्या नावावर ठेवलं. संदर्भासाठी त्यांचं नाव द्यायला त्यांनी होकार दिला, ते अर्जाच्या रकान्यात जाईल.

त्यांनी आणखी एक सांगितलं. पहिली चाळणी मनुष्यबळ विभागात लागेल आणि तिथे क्रोमॅटोग्राफी माहीत असेलच असं नाही. म्हणून पहिल्या दोन ओळींत जाहिरातीतलेच शब्द हवेत, ‘लॅब डेटा रिव्ह्यू’ आणि ‘ओओएस’. माझा ‘सेकंड चेक’ हा शब्द त्यांच्यासाठी नवा असेल.

१६ ऑगस्ट

अंतिम मजकूर. पाठवला तो असा:

विषय: लॅब डेटा रिव्ह्यूअर, क्यूए या पदासाठी अर्ज

महोदय / महोदया,

लॅब डेटा रिव्ह्यूअर या पदासाठी मी अर्ज करत आहे. तयार गोळ्यांच्या क्यूसी प्रयोगशाळेत मी २००६ ते २०१३ काम केले. त्यातली शेवटची तीन वर्षे एचपीएलसी डेटाचा रिव्ह्यू आणि ओओएस तपास हे माझे मुख्य काम होते, पदनाम सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्यूसी असे होते.

रिव्ह्यू करताना मी सिस्टिम सुटेबिलिटी, सिक्वेन्समधील वेळांची सलगता, स्टँडर्ड आणि सॅम्पलसाठी वापरलेली प्रोसेसिंग मेथड, हाताने केलेले इंटिग्रेशन व त्याचे लेखी कारण, आणि वजनाच्या चिठ्ठीपासून अंतिम निकालापर्यंतची आकडेमोड तपासत असे.

ओओएस तपासाचे एक उदाहरण: एकाच सॅम्पलच्या दोन तयाऱ्यांपैकी एकीचा निकाल मर्यादेबाहेर होता आणि दोघींची सरासरी मर्यादेत येत होती. सरासरी न काढता राखून ठेवलेल्या द्रावणाची तपासणी करावी, असे मी सुचवले. क्यूएने मंजूर केलेल्या योजनेनुसार पुन्हा इंजेक्शन आणि पुन्हा एक्स्ट्रॅक्शन केल्यावर औषध पूर्णपणे विरघळले नव्हते हे दिसून आले. एसओपीमध्ये सॉनिकेशनची वेळ नव्हती. तो बदल मी लिहिला आणि विश्लेषकांना त्याचे प्रशिक्षण दिले.

२०१३ पासून आतापर्यंत मी मुलांच्या संगोपनासाठी घरी होते. ती जबाबदारी आता माझ्या पूर्ण वेळच्या उपस्थितीवर अवलंबून नाही आणि मी पूर्ण वेळ कामासाठी उपलब्ध आहे.

या काळात रिव्ह्यूच्या पद्धतीत झालेला मोठा बदल म्हणजे मूळ इलेक्ट्रॉनिक नोंद आणि तिचा ऑडिट ट्रेल मंजुरीआधी तपासणे. माझा रिव्ह्यू मुख्यतः छापील नोंदींवर आणि एका संगणकापुरत्या सॉफ्टवेअरवर झालेला आहे. सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर मी वापरलेले नाही. एफडीए आणि एमएचआरए यांची २०१८ ची डेटा इंटिग्रिटीविषयक मार्गदर्शने मी वाचली आहेत. आपल्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण घेऊन, सुरुवातीला दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या देखरेखीखाली काम करण्याची माझी तयारी आहे.

मुलाखतीत नमुना डेटा संच देऊन माझा रिव्ह्यू पाहिल्यास मला आनंद होईल.

आपली विश्वासू

शेवटच्या ओळीबद्दल मनात थोडी चलबिचल होती, जास्त धीट वाटेल का म्हणून. पण ‘अलीकडचा अनुभव’ या शंकेला कागदावर उत्तर देताच येत नाही. समोर संच ठेवला तर देता येतं. म्हणून ती ठेवली.

२६ ऑगस्ट

फोन आला, मनुष्यबळ विभागाचा नव्हे, थेट क्यूए व्यवस्थापकांचा. खंडाबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते असं: “तुमच्या उदाहरणात पुन्हा सॉनिकेट केल्यावरचा निकाल मर्यादेत आला, मग तोच का नाही रिपोर्ट केला?”

मी सांगितलं की ते एक्स्ट्रॅक्शन मंजूर पद्धतीप्रमाणे झालेलं नव्हतं, ते कारण शोधण्यासाठी होतं. कारण सिद्ध झाल्याने मूळ निकाल रद्द करता आला, पण रिपोर्ट करायचा निकाल पद्धतीप्रमाणे केलेल्या नव्या चाचणीचाच हवा. त्यांनी पुढे विचारलं, कारण सापडलंच नसतं तर? मग मूळ ९३.६ ला रद्द करायला आधार नाही. प्रयोगशाळेबाहेर, उत्पादनापर्यंत तपास न्यायचा, आणि बॅचचा निर्णय क्यूएचा.

मुलाखत पुढच्या मंगळवारी. नमुना संच देणार आहेत, सॉफ्टवेअरमध्ये, फक्त वाचता येईल अशा लॉगिनवर. बघण्याचा क्रम आज ठरवून ठेवला: आधी प्रोजेक्टमधली सगळी इंजेक्शनं, रिपोर्टमध्ये घेतलेली आणि न घेतलेली. मग प्रत्येक निकालाची आधीची आवृत्ती आणि ती बदलण्याचं दिलेलं कारण. मग मेथड कोणी, कधी बदलली. छापील रिपोर्ट सगळ्यात शेवटी उघडायचा.